गोड शेवट पुरेसा नाही: मन न पिळवटणाऱ्या प्रेमकादंबऱ्या कशा निवडाव्यात

प्रश्न: मला प्रेमकथा मनापासून आवडतात, पण आता ताटातूट, गैरसमज, आजारपण, मृत्यू यांचा वीट आलाय. ‘शेवट गोड आहे’ म्हणून घेतलेल्या पुस्तकांनीही मध्ये भरपूर रडवलं. वाटेतही मन शांत राहील आणि शेवटी ऊब मिळेल अशा कादंबऱ्या सुचवाल का? इंग्रजी चालतील. जुन्या असल्या तरी हरकत नाही.

उत्तर:

ग्रंथालयात वाचकांना पुस्तकं सुचवणं हे माझं काम आहे आणि ही मागणी माझ्याकडे सारखी येते. तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक म्हणजे शेवट कसा होतो, आणि दुसरी म्हणजे शेवटापर्यंत लेखक तुम्हाला कसा नेतो. प्रेमकादंबरीच्या धंद्यात शेवट समाधानाचा असायलाच हवा असा अलिखित करार आहे. म्हणून ‘हॅपी एंडिंग’ या शिक्क्यावरून तुम्हाला जवळपास काहीच कळत नाही. तो शिक्का असलेल्या पुस्तकातही नायक-नायिका दोनशे पानं एकमेकांची मनं दुखावू शकतात. उलट काही पुस्तकं पानोपानी हळुवार असतात आणि शेवटी हात रिकामे ठेवतात.

या दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण आधीच सांगून ठेवतो, कारण ‘शांत प्रेमकथा’ म्हणून ते पुस्तक तुम्हाला कुणीतरी नक्की सुचवेल. केंट हॅरफ यांची ‘अवर सोल्स अॅट नाइट’ ही छोटी कादंबरी 2015 साली आली. सत्तरीची ॲडी शेजारच्या लुईसकडे जाते आणि विचारते, रात्री माझ्याकडे येऊन नुसतं गप्पा मारत झोपशील का? एकटेपणाची रात्र सरत नाही म्हणून. इतकं संयत आणि मायाळू लेखन क्वचित वाचायला मिळतं. पण शेवटाकडे ॲडीचा मुलगा आड येतो, ती गाव सोडून त्याच्याजवळ राहायला जाते आणि दोघांच्या वाट्याला फोनवरचं बोलणं तेवढं उरतं. पुस्तक उत्तम आहे, पण तुमच्या आजच्या मनःस्थितीसाठी नाही.

वर मी शेवट सांगून टाकला आणि पुढेही सांगणार आहे. रहस्यकथेत हा गुन्हा ठरला असता. पण वारंवार दुखावलेल्या वाचकाला शेवट आधी माहीत असणं ही सोय आहे. पुढे काय वाढून ठेवलंय ही धाकधूक नसली की वाक्यांकडे, विनोदाकडे, माणसांच्या लकबींकडे लक्ष जातं. या प्रकारच्या पुस्तकांचा खरा ऐवज तिथेच असतो.

आता निवडायचं कसं ते. पुस्तक सुचवण्याआधी मी स्वतःला एकच विचारतो: या कथेतलं दुःख कुठे ठेवलंय? दुःख अजिबात नसलेली प्रेमकथा सहसा कंटाळवाणी होते. दोन माणसं भेटली, आवडली, लग्न झालं, यात तीनशे पानं वाचण्यासारखं काही नसतं. दुःख असतंच. प्रश्न जागेचा आहे.

सध्याच्या बहुतेक प्रेमकादंबऱ्यांत ते पुस्तकाचा तीन चतुर्थांश भाग संपला की येतं. तोवर दोघं जवळ आलेली असतात आणि मग एखादं लपवलेलं सत्य उघडं पडतं, किंवा जुनी मैत्रीण उगवते, किंवा एकाने दुसऱ्याचं अर्धवट बोलणं ऐकलेलं असतं. भांडण, दार आपटणं, काही प्रकरणं विरह, मग माफी. इंग्रजी वाचक याला ‘थर्ड ॲक्ट ब्रेकअप’ म्हणतात. तुम्ही ज्याला कंटाळला आहात ते बहुधा हेच असावं. ते वाईटच असतं असं नाही, पण ठरलेल्या जागी ठरलेलं दुःख आलं की वाचकाला आपल्याला मुद्दाम ढकलल्यासारखं वाटतं. पाच मिनिटांच्या बोलण्यात मिटला असता असा गैरसमज पन्नास पानं ताणला जातो तेव्हा तर रडूही येत नाही, चीड येते.

दुसरी जागा म्हणजे कथा सुरू होण्याआधीची. जेन ऑस्टिनची ‘पर्स्युएशन’ याचा उत्तम नमुना. ॲन एलियट सत्तावीस वर्षांची आहे. आठ वर्षांपूर्वी, वडीलधाऱ्या मैत्रिणीच्या सल्ल्यामुळे, तिने फ्रेडरिक वेंटवर्थशी ठरलेलं लग्न मोडलं. म्हणजे जे तुटायचं ते पहिल्या पानाआधीच तुटलेलं आहे. कादंबरीभर तुम्ही बघता ती जोडणी: खोलीत कोण कुठे बसलं, दमलेल्या ॲनला कुणी न बोलता गाडीत चढवून दिलं, कुणी कुणाचं बोलणं कान देऊन ऐकलं. मध्ये लाइम गावच्या धक्क्यावरून लुइझा नावाची मुलगी पडते आणि काही काळ काळजी वाटते, पण ती बरी होते आणि तिचंही लग्न ठरतं. चोवीस प्रकरणांच्या या पुस्तकात वेंटवर्थचं ते प्रसिद्ध पत्र तेविसाव्या प्रकरणात येतं. ऑस्टिनने आधी वेगळा शेवट लिहिला होता, त्यात ही पत्राची भानगड नव्हती. तो तिला पटला नाही आणि 1816 च्या उन्हाळ्यात तिने शेवटची प्रकरणं नव्याने लिहिली. टाकून दिलेल्या प्रकरणांचं तिच्या हातचं हस्तलिखित आजही शिल्लक आहे. हे वाचून झाल्यावर दोन्ही शेवट शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात दोघांना जवळ आणायला एक अवघडलेला योगायोग लागतो, दुसऱ्यात ॲनचं स्वतःचं बोलणं ते काम करतं.

एक सावधगिरी मात्र. ‘पर्स्युएशन’ हळुवार असली तरी तिच्यात एक खोल उदासी आहे, आणि पहिली काही प्रकरणं ॲनच्या घरच्यांच्या उद्दामपणात जातात. मन फारच थकलेलं असेल तर सुरुवात इथून करू नका.

सुरुवात करा एलिझाबेथ फॉन आर्निमच्या ‘द एन्चँटेड एप्रिल’पासून. 1922 सालची ही कादंबरी मी या मागणीवर सगळ्यात जास्त वेळा हातात दिली आहे. तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण हळुवार लेखन म्हणजे नेमकं काय, ते तिच्यात उघडपणे दिसतं.

लंडनचा पावसाळी फेब्रुवारी. लॉटी विल्किन्स नावाची दबलेली, कुणाच्या खिजगणतीत नसलेली बाई वर्तमानपत्रात जाहिरात वाचते: इटलीत भूमध्य समुद्राकाठचा एक छोटा किल्ला एप्रिल महिन्यासाठी भाड्याने देणे आहे. तोंडओळखही नसलेल्या रोझ आर्बथनॉटशी ती स्वतःहून बोलते. भाडं साठ पौंड. दोघींना झेपणारं नाही, म्हणून आणखी दोघी शोधल्या जातात. एक म्हणजे मिसेस फिशर, मोठ्या साहित्यिकांच्या आठवणींत रमलेली खाष्ट म्हातारी. दुसरी लेडी कॅरोलाइन, इतकी सुंदर की सगळ्यांच्या गर्दीला वैतागलेली. प्रत्येकीच्या वाट्याला पंधरा पौंड येतात. चौघी तिथे पोचतात आणि ऊन, विस्टेरियाची फुलं, रिकामा वेळ यांनी हळूहळू सैल होत जातात. लॉटी तर आल्या आल्याच म्हणू लागते की ज्याच्यापासून आपण पळालो त्या नवऱ्यालाच इथे बोलवायला हवं.

पण प्रेमकथा म्हणून मला महत्त्वाची वाटते ती रोझची बाजू. तिचा नवरा फ्रेडरिक राजेरजवाड्यांच्या प्रेमपात्रांवर चटकदार पुस्तकं लिहितो. धार्मिक वृत्तीच्या रोझला तो पैसा पापाचा वाटतो, आणि वर्षानुवर्षं दोघं एका घरात परक्यासारखी राहिली आहेत. किल्ल्यात आल्यावर तिला त्याची ओढ वाटू लागते. धीर करून ती त्याला ‘ये’ म्हणून पत्र लिहिते आणि वाट बघत बसते. उत्तर येत नाही.

आणि मग फ्रेडरिक येतो. पण तो रोझसाठी आलेला नसतो. तिचं पत्र त्याला मिळालेलंच नाही. लंडनच्या मेजवान्यांत तो वेगळ्या नावाने वावरतो, तिथे त्याची लेडी कॅरोलाइनशी ओळख झालेली आहे आणि तिच्या ओढीने तो इथवर पोचला आहे. आपली बायको याच घरात आहे याची त्याला कल्पना नाही. संध्याकाळच्या अंधुक उजेडात खोलीत एक बाई उभी दिसते, ती वळते, ती रोझ असते. आपल्या पत्रामुळेच तो आला असं समजून ती त्याला मिठी मारते.

इथे क्षणभर थांबून बघा, लेखिकेच्या हातात काय काय आहे. खोटं नाव आहे, दुसरी बाई त्याच छपराखाली आहे, बायकोचा गोड गैरसमज आहे आणि जेवणाची वेळ जवळ आली आहे. रडवणाऱ्या कादंबरीला लागणारा सगळा दारूगोळा एका खोलीत रचलेला आहे. दुसऱ्या लेखकाने पुढची ऐंशी पानं यावर काढली असती: रोझला सत्य कळणं, घर सोडून जाणं, कॅरोलाइनचा अपमान, पावसातली माफी.

फॉन आर्निम काडी ओढतच नाही. फ्रेडरिकला बायकोच्या आनंदाकडे बघून स्वतःची शरम वाटते, आणि इतकं प्रेम आपल्या वाट्याला अजून शिल्लक आहे हे पाहून तो विरघळतो. तरी कॅरोलाइन समोर येईल तेव्हा आपण संपलो, ही धास्ती त्याला आहे. ती येते. त्याला ओळखते. हा रोझचा नवरा आहे हे तिला कळतं आणि क्षणात ती परिस्थिती सावरून घेते. त्याला उघडं पाडत नाही. आयुष्यभर पुरुषांच्या पाठलागाला कावलेल्या या बाईकडे संतापाचं कारण होतं, तरी ती मोठेपणा दाखवते. त्यातून तीही किती बदलली आहे हे आपल्याला कळतं. म्हणजे ज्या जागी भांडण अपेक्षित होतं तिथे तीन माणसांचे स्वभाव उलगडतात.

मी ‘हळुवार’ म्हणतो ते याला. संकट न आणणं हा त्याचा अर्थ नाही. संकट दारात आणून उभं करायचं आणि पात्रांच्या समजूतदारपणाने ते परतवायचं, हे भांडण लिहिण्यापेक्षा अवघड आहे. कारण तो समजूतदारपणा वाचकाला खरा वाटायला हवा, आणि त्यासाठी आधीची सगळी पानं माणसं घडवण्यात खर्ची पडलेली असावी लागतात.

काही वाचकांना हा शेवट खटकतो. रोझपासून सत्य लपवलं गेलं, नवरा फार स्वस्तात सुटला, असं ते म्हणतात. आक्षेप रास्त आहे. तुम्हाला प्रेमकथेत न्यायही हवा असेल तर तुमचीही थोडी चिडचिड होईल. मला तरी वाटतं लेखिकेला हे पुरतं ठाऊक आहे. ती फ्रेडरिककडे बघून गालातल्या गालात हसते आहे.

तिसरी जागा म्हणजे प्रेमाच्या बाहेरची. दुःख असतं, पण ते दोघांच्या नात्यात नसतं. नातं उलट त्या दुःखातला आसरा ठरतं. हेलन सायमनसन यांची ‘मेजर पेटिग्रूज लास्ट स्टँड’ (2010) या जातीची. अडुसष्ट वर्षांचे विधुर मेजर आणि गावात दुकान चालवणाऱ्या विधवा मिसेस अली यांची ओळख पुस्तकांवरच्या गप्पांतून वाढत जाते. सुरुवात मेजरच्या भावाच्या निधनाच्या बातमीने होते, गावातला वंशभेद आहे, दोघांच्या घरच्यांचा हावरटपणा आणि हट्ट आहे. पण मेजर आणि मिसेस अली एकमेकांशी कधी क्रूर होत नाहीत. विनोद कोरडा आणि सतत. शेवटी दोघांचं लग्न होतं. फक्त त्याआधी, शेवटच्या भागात, समुद्राकाठच्या कड्यावर बंदूक आणि आत्महत्येच्या विचारात असलेला एक तरुण असा प्रसंग येतो. पुस्तकाच्या एरवीच्या सुरात तो मोठा आवाज करतो. तरुण वाचतो. हे आधी माहीत असलं तर तो भाग पार करता येतो. माहीत नसलं तर ‘शांत पुस्तक म्हणून दिलंत आणि हे काय?’ असं मला ऐकावं लागतं.

आता अनोळखी पुस्तक हातात आलं तर काय करायचं? मागच्या मजकुरावर विसंबू नका. तो विकण्यासाठी लिहिलेला असतो. त्यातले काही शब्द मात्र बोलके असतात. ‘विसरता न येणारी’, ‘हृदय हेलावणारी’, ‘एक रहस्य जे सगळं बदलून टाकेल’ असं दिसलं की समजायचं, तीन चतुर्थांशावर काहीतरी वाट बघतंय. मुखपृष्ठावर तर अजिबात जाऊ नका. गोड रंगांतल्या चित्रांच्या मुखपृष्ठामागे हल्ली शोक, छळ, व्यसन काहीही असू शकतं.

‘क्लीन’, ‘स्वीट’ किंवा ‘क्लोज्ड डोअर’ या शिक्क्यांनीही फसायला होतं. त्यांचा अर्थ एवढाच की शय्येवरचे प्रसंग पानावर नाहीत. त्या पुस्तकात कर्करोग असू शकतो. ‘स्लो बर्न’ म्हणजे जवळीक उशिरा येते, मधला काळ सुखाचा आहे असं नव्हे. तुम्हाला उपयोगी पडतील अशा दोन शोधसंज्ञा म्हणजे `low angst` आणि `no third act breakup`. वाचकांनी बनवलेल्या याद्यांत या नावांखाली पुस्तकं सापडतात. स्टोरीग्राफ या संकेतस्थळावर वाचक पुस्तकाचा भाव आणि त्रासदायक विषय नोंदवतात, तीही नोंद बघा. भाव ‘हलकाफुलका’ आणि इशाऱ्यांत ‘पालकाचा मृत्यू’ असं एकाच पुस्तकाला दिसलं तर दोन्ही खरं असतं. मृत्यू बहुधा आधीच घडून गेलेला असतो. तो कुठे आहे हे पाहायला परीक्षणं वाचा, आणि त्यातही नाराज लोकांची. ‘काहीच घडत नाही’, ‘फार संथ’, ‘दोघं एकमेकांशी फारच चांगली वागतात’ अशी तक्रार दिसली की पुस्तक उचला. ‘शेवट घाईत उरकला’ अशी तक्रार वारंवार दिसली तर थोडं थांबा. याचा अर्थ बरेचदा असा असतो की ताटातूट लांबली आणि समेट दोन पानांत झाला. ऊब मुळात समेटानंतरच्या पानांत असते, तीच तिथे नसते.

पुस्तक हातात असेल तर त्याहून सोपी गोष्ट करा. एकूण पानांच्या साधारण पंचाहत्तर ते पंच्याऐंशी टक्क्यांमधली दोन-तीन पानं उघडून वाचा. तीनशे पानांचं पुस्तक असेल तर दोनशे पंचवीस ते दोनशे पंचावन्न. नायक-नायिका त्या पानांवर एकमेकांशी बोलतायत की एकमेकांबद्दल तिसऱ्याशी बोलतायत, एवढंच पाहा. दुसरं असेल तर ती बहुधा विरहाची पानं. मग शेवटचं प्रकरण चाळा आणि ते किती लांब आहे ते पाहा. ही युक्ती जुन्या कादंबऱ्यांना तितकी लागू पडत नाही, कारण त्यांची बांधणी अशी साच्यातली नसते.

‘द एन्चँटेड एप्रिल’ आणि ‘पर्स्युएशन’ दोन्ही प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात. इंग्रजी जुनं आहे, पण पहिलीचं ऑस्टिनपेक्षा बरंच सोपं. ती आवडली तर मेजर पेटिग्रू घ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर ‘पर्स्युएशन’.

मध्येच काहीतरी हलकं हवं असेल तर विनिफ्रेड वॉटसनची ‘मिस पेटिग्रू लिव्हज फॉर अ डे’ (1938). मेजरच्या आडनावाशी हिचा काही संबंध नाही. नोकरीच्या शोधातली गरीब, मध्यमवयीन गव्हर्नेस चुकीच्या पत्त्यावर पाठवली जाते आणि एका नाइटक्लब गायिकेच्या घरात तिचा एक दिवस जातो. पूर्ण कादंबरी त्या एकाच दिवसाची, प्रकरणांना शीर्षकाऐवजी घड्याळातल्या वेळा. दुःखाला आत शिरायला सवडच नाही. मात्र त्या काळचे ज्यूंबद्दलचे पूर्वग्रह काही वाक्यांत सहज येऊन जातात आणि आज ते टोचतात. ती वाक्यं थोडी असली तरी आहेत.

आणि नाट्यमय नायकांचाच कंटाळा आला असेल तर जॉर्जेट हेयरची ‘कोटिलियन’ (1953) जरूर वाचा. किटी चेरिंगला म्हाताऱ्या श्रीमंत पालकाच्या विक्षिप्त अटींमुळे त्याच्या भाचरांपैकी कुणाशी तरी लग्न करावं लागणार आहे. तिचं मन देखण्या, बेफिकीर जॅकवर आहे, म्हणून ती साध्याभोळ्या फ्रेडीला खोट्या साखरपुड्यासाठी तयार करते. प्रेमकथांच्या सवयीने आपण जॅक सुधारेल याची वाट बघतो. तो सुधारत नाही. फ्रेडीला काव्य कळत नाही आणि इतिहासाचं ज्ञान बेताचं, पण कपडे कुठले शोभतील, पावसात गाडी कुठे मिळेल, अवघड प्रसंगी कुणाशी काय बोलावं हे त्याला बरोबर माहीत असतं. किटीला हळूहळू कळतं की आपल्या प्रत्येक अडचणीत हाच धावून येतोय. पहिली काही प्रकरणं नात्यागोत्यांच्या गोंधळात जातात, कोण कुणाचा कोण ते एका कागदावर लिहून ठेवा. किटी लंडनला पोचली की पुस्तक वेग घेतं.